तुला बोहारणीकडून घेतलंय!

धाकट्या भावंडाला रडवायचं एक हुकमी वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: ‘तुला बोहारणीकडून घेतलंय, दोन जुन्या साड्या देऊन!’ धाकट्याच्या जन्माआधीचं घर फक्त थोरल्यानं पाहिलेलं असतं. त्यामुळे धाकट्याला खातरजमा करायची सोयच नसते आणि वाक्य बरोब्बर वर्मी लागतं.

वर्म कुठंय हे भावंडाला माहीत असतं, तिथंच सगळी गोम आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ज्युडी डन यांनी लहान मुलांच्या घरी जाऊन, त्यांची भांडणं बघत वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना एका घरात दोन वर्षांची मुलगी दिसली. तिच्या ताईची एक काल्पनिक मैत्रीण होती. भांडण झालं की ही चिमुरडी जाहीर करायची, ‘मीच ती!’ आणि ताईचा संताप संताप व्हायचा. धड वाक्यं बोलता येत नव्हती, पण ताईला काय झोंबेल ते पक्कं कळलं होतं. शिवाय मैत्रीण रागावून कट्टी घेऊ शकते, भावंड कुठं जाणार? रात्री शेजारच्याच गादीवर झोपायचंय. म्हणून मुलं बाहेर जे बोलायला धजत नाहीत ते घरात बोलून बघतात.

माझ्या बहिणीकडे मी हे जवळून पाहिलं. भाचा बारा वर्षांचा, भाची नऊची. जूनमध्ये तिला चष्मा लागला आणि दुसऱ्याच दिवशी ती ‘ढापणी’ झाली. त्याचे पुढचे दात मोठे, म्हणून तिनं ‘फावड्या’ परत केला. ‘ढाऽऽपणी’ असं लांबवत, वाकुल्या दाखवत तो म्हणायचा आणि दोघं खिदळायची. शब्द बोचरा असला तरी तो लांबवलेला सूर, ते वेडंवाकडं तोंड सांगत असतं की हा खेळ आहे.

दिवाळीनंतर सूर गेला. तो नुसतं ‘ए ढापणी’ म्हणायचा, तेही खाली बिल्डिंगमधल्या मित्रांसमोर. तिचं ‘फावड्या’ बंद झालं. बहिणीला वाटलं, चला, भांडणं कमी झाली. मग शाळेतून वहीत शेरा आला: फळ्यावरचं उतरवून घेत नाही. चष्मा दप्तराच्या तळाशी पडून होता.

आईबापांनी हस्तक्षेप करायची वेळ मला वाटतं इथं येते, किंबहुना याच्या थोडी आधी. आपण बहुतेकदा चिडवणाऱ्याकडे बघतो आणि तो हसतोय म्हणून निर्धास्त राहतो. बघायचं ते चिडवलं जाणाऱ्याकडे. तो उलट उत्तर देतो का, की गप्प होऊन खोली सोडतो? ब्रिस्टल परिसरातल्या सुमारे 7,000 मुलांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. बाराव्या वर्षी ज्यांना भावंडांकडून आठवड्यातून अनेकदा छळ सोसावा लागत होता, त्यांच्यात अठराव्या वर्षी नैराश्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. ‘भावंडांत चालायचंच’ म्हणून दरवेळी सोडून देता येत नाही.

बहिणीनं आधी आपण सगळ्याच करतो तेच केलं. ‘तू मोठा ना? कळत नाही?’ आणि एक धपाटा. तो तेच आता तिच्या माघारी बोलू लागला.

दुसऱ्या खेपेला तिनं न्यायनिवाडा बाजूला ठेवला. कॅनडातल्या हिल्डी रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना अशी मध्यस्थी शिकवून पाहिली होती. भांडणं कशी मिटवायची हे त्या मुलांना जास्त चांगलं जमू लागलं. आधी नियम: एकजण बोलताना दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. मग ज्यानं त्यानं आपली बाजू मांडायची आणि दुसऱ्याला काय वाटलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. तोडगा मुलांनीच काढायचा.

त्यात जे बाहेर आलं ते बहिणीच्या गावीही नव्हतं. भाऊ रात्री बाथरूमला जाताना आईला उठवतो, हे भाचीनं त्याच्या मित्रांना सांगितलं होतं. ‘ढापणी’ खाली बिल्डिंगमध्ये पोचलं ते त्यानंतर. ठरलं ते असं: घरातलं खाली बोलायचं नाही. घरात ‘ढापणी’ आणि ‘फावड्या’ चालेल, पण समोरच्यानं ‘बास’ म्हटलं की तिथंच थांबायचं.

मारहाण असेल, धमक्या असतील, किंवा एकच मूल सतत घाबरून असेल, तर अशी बैठक घेऊ नये. तिथं आधी दोघांना वेगळं करायचं आणि छळ ताबडतोब थांबवायचा. घाबरलेलं मूल छळणाऱ्यासमोर खरं बोलत नाही. आणि ‘काळी’, ‘जाड्या’ हे शब्द आपल्याच तोंडून, आत्या-मावशीच्या तोंडून मुलांपर्यंत पोचले असतील, तर मुलांना बसवण्याआधी मोठ्यांनी ते टाकले पाहिजेत.

पाडव्याला गेले तेव्हा भाची श्रीखंड वाढत होती, नाकावर चष्मा. भाचा म्हणाला, ‘ढाऽऽ—’ तिनं वाटी खाली न ठेवताच ‘बास’ म्हटलं. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं, आणि तिनं त्यात चमचाभर श्रीखंड कोंबलं.