गोदामात थांबलेला खर्च

कारखान्यात तयार झालेल्या वस्तूची किंमत ठरवताना तिच्यात लागलेला कच्चा माल आणि मजुरी तर धरली जातेच. शिवाय शेडचे भाडे, यंत्रांचा घसारा, सुपरवायझरचे पगार, विमा, विजेचा किमान आकार अशा कारखान्याच्या सामाईक खर्चाचा हिस्साही प्रत्येक नगावर चढवला जातो. या पद्धतीला अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंग म्हणतात. हा सामाईक खर्च म्हणजे ओव्हरहेड. त्यातला बराचसा भाग स्थिर असतो. महिन्यात १०० नग बनोत की १०००, भाडे तेवढेच द्यावे लागते. तरीही हिशेबात तो नगागणिक वाटला जातो, आणि नग विकला जाईपर्यंत तो खर्च म्हणून नफा-तोटा पत्रकात येत नाही. तोवर तो ताळेबंदात, शिल्लक मालाच्या किमतीत मुक्काम करतो. मंदीच्या महिन्यातही नफा बरा दिसण्याचे कारण या मुक्कामात आहे.

उदाहरणासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत शेतीपंप बनवणारा एक काल्पनिक कारखाना घेऊ. एका पंपामागे कास्टिंग, तांब्याची वाइंडिंग वायर, स्टॅम्पिंग, बेअरिंग आणि नगावरची मजुरी मिळून ३,००० रुपये लागतात. कारखान्याचा स्थिर ओव्हरहेड महिन्याला १० लाख रुपये आहे. सर्वसाधारणपणे महिन्याला १,००० पंप बनतात, म्हणून एका पंपावर १,००० रुपये ओव्हरहेड चढतो आणि पंपाची उत्पादन किंमत ४,००० रुपये होते. विक्री ५,००० रुपयांना. ऑफिस आणि विक्रीचा खर्च महिन्याला ६ लाख. तो मात्र मालाच्या किमतीत कधीच धरला जात नाही, ज्या महिन्याचा त्याच महिन्यात लिहून टाकला जातो.

मे महिन्यात १,००० पंप बनले आणि तेवढेच विकले गेले. विक्री ५० लाख, विकलेल्या मालाची किंमत ४० लाख, ऑफिसचा खर्च ६ लाख. नफा ४ लाख. इथे कोणत्याही पद्धतीने हिशेब केला तरी उत्तर एकच येते, कारण गोदामात काही उरलेले नाही.

जुलैत पाऊस लागतो, शेतात मोटर चालवण्याची गरज उरत नाही आणि विक्री ६०० पंपांवर येते. उत्पादन मात्र १,००० च ठेवले. विक्री ३० लाख. विकलेल्या ६०० पंपांची किंमत ४,००० च्या दराने २४ लाख. ऑफिसचा खर्च ६ लाख. नफाही नाही, तोटाही नाही. मालकाला हायसे वाटते. आता याच महिन्याचा हिशेब दुसऱ्या तऱ्हेने करून पाहू. विकलेल्या प्रत्येक पंपातून ३,००० रुपये वजा जाता २,००० रुपये सुटले, म्हणजे एकूण १२ लाख. त्यातून कारखान्याचा स्थिर खर्च १० लाख आणि ऑफिसचे ६ लाख भागवायचे आहेत. तूट ४ लाखांची. या दुसऱ्या तऱ्हेला मार्जिनल कॉस्टिंग म्हणतात. तिच्यात स्थिर ओव्हरहेड मालावर चढवत नाहीत, महिन्याचा खर्च म्हणून महिन्यातच धरतात.

मग ४ लाखांचा तोटा गेला कुठे? गोदामात ४०० पंप उरले आहेत आणि प्रत्येकात १,००० रुपये ओव्हरहेड आहे. जुलैचे भाडे, जुलैचे पगार, जुलैचा घसारा यांतले ४ लाख रुपये शिल्लक मालाच्या अंगावर चढून पुढच्या महिन्यांकडे निघाले आहेत. दोन पद्धतींतला फरक नेहमी एवढाच असतो: साठ्यात जेवढे नग वाढले, त्यांना नगामागच्या स्थिर ओव्हरहेडने गुणायचे. साठा वाढला की अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा जास्त, साठा घटला की कमी.

जुलैत विक्रीएवढेच, म्हणजे ६०० पंप बनवले असते तर चित्र उलटे दिसले असते. ६०० पंपांवर ६ लाख ओव्हरहेड चढला असता, उरलेल्या ४ लाखांना चढायला नगच नसते आणि ते थेट खर्चात जाऊन पत्रकात ४ लाखांचा तोटा उघडा पडला असता. बाजारात काहीही बदललेले नाही: गिऱ्हाईक तेच, भाव तोच, विक्री ६०० च. बदलले ते फक्त उत्पादन. शिवाय जादा ४०० पंपांसाठी कास्टिंग, तांबे आणि मजुरीपोटी १२ लाख रुपये खिशातून गेले. पत्रक सुधारले आणि रोकड आटली.

ज्या मॅनेजरचा बोनस महिन्याच्या नफ्यावर ठरतो, त्याला हे गणित फार लवकर उमजते. त्याने मंदीच्या त्याच महिन्यात १,००० ऐवजी १,२५० पंप काढले, तर १० लाखांचा ओव्हरहेड १,२५० नगांत वाटला जाऊन दर ८०० रुपयांवर येतो आणि पंपाची किंमत ३,८०० होते. विकलेल्या ६०० पंपांची किंमत २२ लाख ८० हजार. ऑफिसचे ६ लाख वजा जाता १ लाख २० हजार नफा. ओव्हरटाइमचा जादा खर्च इथे बाजूला ठेवला आहे, पण तो धरूनही मोह शिल्लक राहतोच. गोदामात आता ६५० पंप आहेत आणि त्यांच्यात ५ लाख २० हजारांचा स्थिर खर्च बसलेला आहे. न खपलेला माल वाढवल्याने नफा वाढला. यात खोटी नोंद कुठेही नाही, म्हणून ती शोधत बसण्यातही अर्थ नाही.

हिशेबाच्या नियमांना हा धोका ठाऊक आहे. भारतात साठ्याच्या मूल्यमापनाचे एएस २ आणि इंड एएस २ ही मानके स्थिर ओव्हरहेड प्रत्यक्ष उत्पादनावर नव्हे, तर सर्वसाधारण क्षमतेवर वाटायला सांगतात. उत्पादन घसरले म्हणून नगामागचा दर वाढवता येत नाही. न चढलेला खर्च त्याच काळात लिहून टाकावा लागतो. हा नियम नसता तर ६०० पंप काढणाऱ्या महिन्यात दर १,६६७ रुपयांवर नेऊन साठा फुगवता आला असता. उलट उत्पादन असाधारण वाढले तर दर कमी करावा लागतो, म्हणूनच वरच्या उदाहरणात तो ८०० वर आला. दर १,००० च ठेवला असता तर साठ्यात प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त रक्कम बसली असती. आणखी एक अट अशी की विक्रीचा खर्च वजा जाता पंपाचे जेवढे पैसे सुटतील, त्यापेक्षा जास्त किमतीला साठा दाखवता येत नाही. भाव कोसळून पंपामागे ३,५०० च सुटणार असतील, तर प्रत्येक नगावर ५०० रुपये तिथेच सोडून द्यावे लागतात.

पण जुलैचे मूळ उदाहरण या सगळ्या नियमांत चपखल बसते. क्षमता १,०००, उत्पादन १,०००, भाव शाबूत. मानक पाळूनही ४ लाख गोदामात गेलेच. नियम दराला लगाम घालतो. किती माल बनवावा हे तो सांगत नाही.

थांबलेला खर्च कधीतरी बाहेर येतो, आणि तेव्हा गोंधळ उलट्या बाजूने होतो. समजा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जेवढे विकले तेवढेच बनवले आणि ४०० चा साठा तसाच राहिला. ऑक्टोबरमध्ये रब्बीच्या तोंडावर विक्री पुन्हा १,००० झाली, तेव्हा कारखान्याने ६०० पंप बनवले आणि ४०० गोदामातून काढले. विक्री ५० लाख, मालाची किंमत ४० लाख, न चढलेला ओव्हरहेड ४ लाख, ऑफिस ६ लाख. नफा शून्य. मे महिन्यात तेवढ्याच विक्रीवर ४ लाख मिळाले होते, आणि जुलैत जवळपास निम्म्या विक्रीवरही शून्यच आले होते. हे पाहून मालक अकाउंटंटला धारेवर धरतो. अमेरिकेत १९३६ साली जोनाथन हॅरिस यांनी कॉस्ट अकाउंटंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या बुलेटिनमध्ये ‘गेल्या महिन्यात आपण किती कमावले?’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, तो याच कोड्यावर. स्थिर खर्च मालावर न चढवण्याच्या पद्धतीचा पुरस्कार त्याने केला आणि पुढची अनेक दशके त्यावर वाद झडले.

तो वाद एकतर्फी नाही. पंपाच्या कारखान्याने पावसाळ्यात साठा करणे हे अनेकदा शहाणपणाचेच असते, कारण रब्बीत मागणी एकदम येते. पावसाळ्यात बनवलेल्या पंपालाही शेड आणि यंत्र लागलेच होते. तो खर्च पंप विकला जाईल त्या महिन्याच्या विक्रीसमोर मांडणे रास्त आहे. सगळा खर्च पावसाळ्याच्या माथी मारला तर चांगला चालणारा कारखानाही दरवर्षी चार महिने आजारी दिसेल. म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या हिशेबांत अ‍ॅब्सॉर्प्शनच चालते आणि मार्जिनलचा आकडा मालकाच्या टेबलापुरता राहतो. खरा प्रश्न एवढाच की साठा येणाऱ्या मागणीसाठी आहे की पत्रकासाठी.

हे बाहेरून ताडताही येते. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ प्रमाणे नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला ‘तयार व अर्धवट मालाच्या साठ्यातील बदल’ अशी ओळ असते. साठा वाढला की ती रक्कम कंसात, म्हणजे खर्चातून वजा दिसते. जुलैत या कारखान्याच्या पत्रकात तिथे कंसात १६ लाख येतील: १२ लाख माल-मजुरीचे, ४ लाख ओव्हरहेडचे. विक्री घटत असताना हा कंस मोठा होत असेल, तर पुढची नजर रोकड प्रवाहाच्या पत्रकावर टाकावी. तिथे साठ्यात अडकलेले पैसे वजा झालेले असतात, आणि नफा व हाती आलेली रोकड यांतले अंतर उघडे पडते. छोट्या कारखान्यात कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला जाणारे स्टॉक स्टेटमेंटही तेच सांगते. साठ्याची किंमत वाढली की उचलता येणारी रक्कम वाढते, त्यामुळे फुगलेला साठा कर्जाची सोयही करून देतो. पत्रकात न दिसणारी बाब म्हणजे त्या साठ्याचे वय. ४०० पंपांपैकी किती जुलैचे आणि किती गेल्या वर्षीचे, हे गोदामातल्या पंपांच्या नेमप्लेटवरचे नंबर उत्पादन रजिस्टरशी ताडूनच कळते.