दोन निबंध, एकच आकडा ३९

गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी येऊन काळजी घेतली, तर नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात का? या प्रश्नावर पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घ्यायचा, तर जमवलेल्या निबंधांचा एक तुलनात्मक तक्ता करावा लागतो: अभ्यासाची पद्धत, नमुन्याचा आकार, निष्कर्ष. काम कारकुनी वाटते, पण आढावा चुकतो तो बहुतेक वेळा इथेच.

१९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा अभ्यास घ्या. नमुन्याच्या रकान्यात ३९ लिहावेसे वाटते. उत्तर प्रदेशातल्या शिवगढचा २००८चा अभ्यासही त्याच नियतकालिकातला, आणि तिथेही ३९च. पण गडचिरोलीतली ३९ ही सेवा मिळालेली गावे. तुलनेसाठीची ४७ गावे वेगळी. शिवगढचे ३९ हे तिन्ही गटांत मिळून असलेले गावसमूह. शिवाय तिथे कोणत्या समूहाला कोणती सेवा हे यादृच्छिक पद्धतीने ठरले होते, गडचिरोलीत तसे नव्हते. म्हणून ‘नमुना’ हा एकच रकाना पुरत नाही. एकक कोणते, प्रत्येक गटात किती आणि एकूण जन्म किती, हे तीन रकान्यांत वेगळे लिहावे. पूर्ण गावाला सेवा मिळते तेव्हा एका गावातली बाळे एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र धरता येत नाहीत. त्यामुळे हजारो जन्म दिसले तरी अभ्यासाचे बळ गावांच्या संख्येवरही अवलंबून असते.

निष्कर्षाच्या रकान्यात असाच चकवा असतो. गडचिरोलीची ६२ टक्के घट तिसऱ्या वर्षातली आहे, तर बांगलादेशातल्या सिल्हेटच्या अभ्यासातली ३४ टक्के घट तीस महिन्यांच्या कामातल्या शेवटच्या सहा महिन्यांतली. काळ न लिहिता ६२ आणि ३४ शेजारी ठेवले, तर वाचणारा गडचिरोलीची पद्धत जवळपास दुप्पट प्रभावी समजेल, आणि तक्त्यातून तसे मुळीच सिद्ध होत नाही. म्हणून टक्केवारीसोबत कालावधी, कोणाशी तुलना केली ते आणि विश्वासमर्यादा लिहायलाच हव्यात.

रकाने ठरले की आधी दोन-तीन अगदी वेगळ्या धाटणीचे निबंध भरून पाहावेत. रकाना अपुरा असेल तर तेव्हाच कळते. चाळीस निबंध झाल्यावर कळले, तर सगळे पुन्हा उघडावे लागतात. आकडा सारांशातून न घेता आतल्या कोष्टकातून घ्यावा आणि शेजारी पानाचा क्रमांक टाकावा. निबंधात माहिती नसेल तर ‘नोंद नाही’ असे लिहावे, कारण रिकामी चौकट शोधून न सापडलेली की शोधायचीच राहिलेली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. तुम्ही स्वतः काढलेली टक्केवारी असेल, तर तीही वेगळी ओळखू यावी.

आणि हे काम एकट्याने करू नका. दोघांनी एकमेकांचे न पाहता तक्ता भरा, मग चौकट चौकटीशी ताडून पाहा. जिथे जुळत नाही, तिथे मूळ निबंधाचे ते पान दोघांनी मिळून पुन्हा वाचा.