इतक्या वर्षांनी काय लिहायचं?

नंबर असतो, वेळ असतो, इच्छाही असते, तरी मेसेज जात नाही. कॅनडातल्या लारा अकनिन आणि ब्रिटनमधल्या जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काही प्रयोगांत लोकांना संपर्क तुटलेला एक मित्र आठवायला सांगितला. ज्याच्याशी पुन्हा बोलावंसं वाटतं, ज्यालाही आपला मेसेज आला तर आवडेल, आणि ज्याचा पत्ता-नंबर हाताशी आहे, असा मित्र. मग बसून मेसेज लिहायला लावला, पाठवायला काही मिनिटंही दिली. तेवढ्यावर मेसेज प्रत्यक्षात पाठवणारे निघाले जेमतेम एक तृतीयांश. बाकीच्यांनी लिहिलेला मेसेज तसाच ठेवून दिला.

कारणं विचारली तेव्हा लोक म्हणाले की फार अवघडल्यासारखं होईल, किंवा त्याला आता माझ्यात रस नसेल. या संशोधकांना असंही दिसलं की जुना मित्र मनात हळूहळू परक्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. अनोळखी माणसाशी बोलायला जेवढा संकोच वाटतो, तेवढाच त्याला लिहायला वाटतो. आपण परक्याला लिहितोय असं वाटलं की भाषा बिघडते. एकतर ती औपचारिक होते, नाहीतर माफी मागत सुटते. मेसेज खरा फसतो तो इथे, म्हणून एक मेसेज नीट उघडून बघू.

उदाहरणापुरती दोन नावं घेऊ, शुभा आणि लता. दोघी पुण्यात शिकताना एका होस्टेलवर एकाच खोलीत राहायच्या. लता तासगावकडची. पुढे लग्नं झाली, गावं बदलली, फोन कमी होत गेले. 2021 मध्ये लताचे वडील करोनात गेले. शुभाला ते महिन्याभराने कुणाकडून तरी कळलं. आता एवढ्या उशिरा काय लिहायचं, म्हणून ती थांबली, आणि पुढचा प्रत्येक महिना त्या उशिरात भर घालत गेला. संबंध तुटण्याचं हे कारण आपल्याकडे फार आढळतं. भांडण झालेलं नसतं. दुःखाच्या वेळी आपण पोचलो नाही, ते मनाला लागून राहतं.

शुभाने पहिल्यांदा मेसेज लिहिला असेल तो साधारण असा:

‘हाय लता, ओळखलंस का? इतकी वर्षं काहीच कळवलं नाही म्हणून खूप खूप सॉरी. खरंच लाज वाटते. संसाराच्या धबडग्यात राहूनच गेलं. तुझाही फोन आला नाही, मला वाटलं तू रागावलीस. काका गेल्याचं कळलं होतं पण धीर झाला नाही. कशी आहेस? मिस्टर काय करतात? मुलं केवढी झाली? कधी भेटायचं? रिप्लाय नक्की कर, वाट बघते.’

यातला प्रत्येक शब्द मनापासून आहे, तरी हा मेसेज लताला जड जाईल. ‘ओळखलंस का?’ हे अनोळखी नंबरवरून आलं तर माणूस हल्ली आधी फसवणुकीची शंका घेतो, आणि ब्लॉक करायचं बटण समोरच असतं. पहिल्या ओळीतच आपण कोण ते कळायला हवं, कारण फोनच्या पडद्यावर आधी तेवढीच दिसते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईने तर माहेरचं आडनाव लिहावंच. मैत्रिणीच्या मनात ती त्याच नावाने असते. नंबर कुठून मिळाला तेही एका वाक्यात सांगावं, म्हणजे ‘हिला माझा नंबर कुणी दिला?’ हा प्रश्न उरत नाही.

मग येते माफी. ती लांबली की ओझं समोरच्याकडे सरकतं. ‘लाज वाटते’ वाचल्यावर लताला ‘अगं, असं काय म्हणतेस’ हे लिहावंच लागतं. म्हणजे जिचे वडील गेले, तिनेच शुभाची समजूत काढायची. शिवाय माफी कशाची, हे पाहिलं पाहिजे. वर्षानुवर्षं फोन झाले नाहीत ते दोन्हीकडून झाले नाहीत, त्याची माफी नको. काका गेल्यावर एक शब्दही लिहिला नाही, हे मात्र शुभाचं राहिलेलं काम आहे. त्याबद्दल एकदाच, सरळ वाक्यात लिहावं आणि पुढे जावं. कारणं देऊ नयेत, कारण दिलं की ते पटतं का हे लताला ठरवावं लागतं.

‘तुझाही फोन आला नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी इतकं बसलंय की त्यातला ठपका आपल्याला ऐकूच येत नाही. ‘विसरलीस वाटतं’, ‘मोठी माणसं झालात’, ‘शेवटी मलाच लिहावं लागलं’ ही सगळी त्याच घरची वाक्यं. पूर्वी अरे-तुरे असलेल्या मित्राला गमतीने ‘साहेब’ किंवा ‘तुम्ही’ म्हणणंही तसंच. आपण हसत लिहितो, पण वाचणाऱ्याला आपला आवाज ऐकू येत नाही. जुनं ‘तू’ तसंच ठेवावं. होस्टेलवरचं चिडवायचं नाव मात्र पहिल्या मेसेजात वापरू नये. तेव्हा ते तिला खरंच आवडायचं का, हे आपल्याला नक्की माहीत नसतं.

सगळ्यात जपायचं ते प्रश्नांना. आपल्याकडे चौकशी म्हणजेच आपुलकी, त्यामुळे आई-बाबा, मिस्टर, मुलं ही यादी आपोआप बाहेर पडते. पण मधल्या वर्षांत काय घडलं ते आपल्याला ठाऊक नसतं. कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाला मूल झालेलं नसतं, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असते. प्रश्न आला की त्याचं उत्तर द्यावं लागतं किंवा टाळावं लागतं, आणि इतक्या वर्षांनंतर पहिल्याच मेसेजला दोन्ही कठीण. आठवणीचं तसं होत नाही. ‘काकू कशा आहेत?’ हे दुखावू शकतं. ‘काकूंनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी आपण दोघींनी एका रात्रीत संपवली होती’ हे काकू असल्या-नसल्या तरी चांगलंच वाटतं. आठवण जितकी नेमकी, तितकी ती फक्त त्या दोघींची. ‘किती छान दिवस होते ते’ हे कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच पोचत नाही.

आता दुसरा मेसेज:

‘लता, मी शुभा, माहेरची कुलकर्णी, होस्टेलवर तुझ्या खोलीत होते. तुझा नंबर बॅचच्या ग्रुपवरून मिळाला. आज बाजारात तासगावचे बेदाणे दिसले आणि काका आठवले. ते आले की गेटजवळच्या बाकावर बसायचे, पिशवीतून पुडी काढायचे आणि “ही फार वाळलीय” म्हणत आधी माझ्या हातावर ठेवायचे. काका गेल्याचं मला 2021 मध्येच कळलं होतं. तेव्हा मी तुला काहीच लिहिलं नाही, याचं वाईट वाटतं. मी आता नाशिकला असते, शाळेत शिकवते. उत्तराची घाई नाही. काकांची ही आठवण तुला सांगावीशी वाटली.’

हा मेसेज पहिल्यापेक्षा लांब आहे, पण यात एकही प्रश्न नाही. आजच का लिहिलं याला बेदाण्यांचं साधं, खरं कारण आहे. ते महत्त्वाचं, कारण खूप वर्षांनी आलेल्या मेसेजावर मनात पहिला प्रश्न येतो तो ‘काही काम असेल का?’ असा. विमा, मुलाची नोकरी, लग्नपत्रिका यासाठी जाग्या झालेल्या ओळखी सगळ्यांनी अनुभवलेल्या असतात. खरंच काम असेल तर ते पहिल्याच मेसेजात उघड सांगावं. आधी दोन दिवस गोड बोलून तिसऱ्या दिवशी काम काढलं, तर ते दोन दिवसही खोटे ठरतात. आणि ‘घाई नाही’ लिहिलं तर ते पाळावं. निळ्या टिका दिसल्या म्हणून लगेच दुसरा मेसेज किंवा प्रश्नचिन्ह पाठवू नये. त्या टिका दिसत नसल्या तर त्याचाही अर्थ लावू नये. कित्येकांनी त्या बंद करून ठेवलेल्या असतात.

असा मेसेज कितपत आवडतो? पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये नेमकं हेच तपासलं. पाठवणाऱ्यांना जेवढं वाटलं होतं, त्याहून मिळणाऱ्यांना तो जास्त आवडला. संपर्क जितका अनपेक्षित, तितका हा फरक मोठा होता. लिहिणारा स्वतःच्या अवघडलेपणाकडे बघत असतो. मिळणाऱ्याच्या मनात आधी येतो तो ‘अरे, हिला माझी आठवण आली!’ हा आनंदाचा धक्का. म्हणजे आपल्याला नडणारी वर्षं वाचणाऱ्याच्या बाजूने मेसेजचं मोल वाढवतात.

बटण दाबायच्या क्षणी हात अडतो त्यावर अकनिन आणि सँडस्ट्रॉम यांना एक साधा उपाय सापडला. जुन्या मित्राला लिहिण्याआधी त्यांनी काही लोकांना तीन मिनिटं सध्याच्या मित्रांना मेसेज पाठवायला लावले. त्यानंतर निम्म्याहून जास्त जणांनी जुन्या मित्राला मेसेज पाठवला. तेवढा वेळ नुसतं सोशल मीडिया चाळत बसलेल्यांत हे प्रमाण पुन्हा एक तृतीयांशाच्या आसपासच राहिलं. तेव्हा रोज बोलतो त्या बहिणीशी, शेजारणीशी दोन ओळी बोलाव्यात आणि त्याच ओघात हाही मेसेज पाठवावा. रात्री उशिरा, मन भरून आलेलं असताना लिहिलेला मेसेज सकाळी वाचून मगच पाठवलेला बरा. त्या वेळी माफी फार लांबते.

हे सगळं लागू पडतं ते सुटत गेलेल्या मैत्रीला. ‘मला संपर्क करू नकोस’ असं कुणी स्पष्ट सांगितलं असेल तर कितीही नीट लिहिलेला मेसेज त्या नकाराचा मान ठेवत नाही. पैशांवरून किंवा विश्वासघातावरून तुटलं असेल तर तिथे आठवणीने सुरुवात करणं म्हणजे मूळ गोष्ट झाकणं.

लताचं उत्तर काय येईल? कदाचित ‘बरी आठवण झाली गं इतक्या वर्षांनी!’ असं. यात टोमणा ऐकून शुभाने पुन्हा सफाई द्यायला लागू नये. बहुतेक वेळा हीच आपल्याकडची आनंदाची भाषा असते. ‘हो गं, खरंच उशीर झाला’ एवढं म्हणून बोलणं लताकडे सोपवावं. उत्तर नुसतं हात जोडल्याचं चिन्ह असेल तर आज तेवढंच हवंय असं समजावं. काहीच आलं नाही तर पुढे दिवाळीला तिच्या नावाने लिहिलेल्या दोन ओळी पाठवाव्यात, सगळ्यांना ढकललेलं पणतीचं चित्र नको. त्यालाही उत्तर नाही आलं तर थांबावं.

आणि दोन-चार मेसेज छान झाले तर टाइप करत बसू नये. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना जुन्या मित्राशी फोनवर किंवा ईमेलने संपर्क करायला सांगितलं होतं. फोन जास्त अवघड जाईल असं लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो अवघड गेला नाही, आणि जवळीक मात्र ईमेलपेक्षा जास्त वाटली. फक्त अचानक फोन लावू नये. ‘रविवारी सकाळी अकरानंतर फोन करू का, की दुसरी वेळ बरी?’ असं विचारावं, म्हणजे लता हातातली कामं आवरून निवांत बसलेली असेल.