आधी खोल्या, मग किलोमीटर

स्कॉटलंडमधली ‘वेस्ट हायलँड वे’ ही पायवाट ग्लासगोजवळच्या मलगाय गावातून निघते आणि १५४ किलोमीटरवर फोर्ट विल्यमला संपते. दणकट मंडळी ती सात दिवसांत उरकतात. रोज दहा-बारा किलोमीटर चालून मध्ये विसावा घ्यायचा, तर अडचण पायांपेक्षा मुक्कामाची जास्त. वाट माळरानांतून जाते आणि वस्त्या लांबलांब आहेत.

म्हणून या सहलीचा बेत उलटा आखावा लागतो. जिथे टप्पा तोडताच येत नाही, त्या जागा आधी शोधायच्या. अशा दोन आहेत. ब्रिज ऑफ ऑर्की ते किंग्जहाउस हे रॅनॉख मूरच्या कडेचं सुमारे २० किलोमीटरचं अंतर. त्यात सुरुवातीलाच, इन्व्हरोरनला, एक हॉटेल लागतं, पुढे ना दुकान ना आडोसा. आणि किनलॉखलेव्हन ते फोर्ट विल्यम हा २४ किलोमीटरचा शेवटचा टप्पा. किंग्जहाउसला हॉटेल एकच, त्यामुळे तिथली खोली सर्वांत आधी धरायची आणि बाकीच्या तारखा तिच्याभोवती बसवायच्या.

विसाव्याचे दिवसही यावरूनच ठरतात. पहिला टाइनड्रमला. छोटंसं गाव, पण दुकान आहे, खायची सोय आहे आणि रेल्वे स्टेशनं चक्क दोन. पाय फारच दुखत असतील तर गाडीत बसून ओबानचा समुद्र पाहून येता येतं. दुसरा किनलॉखलेव्हनला, शेवटच्या लांबलचक दिवसाच्या आदल्या दिवशी. असे चालायचे अकरा आणि विश्रांतीचे दोन, मिळून तेरा दिवस होतात.

नकाशा मात्र एके ठिकाणी चांगलाच फसवतो. लॉख लोमंड सरोवराच्या काठाने इन्व्हरस्नेड ते इन्व्हरार्नन हे अंतर जेमतेम साडेदहा किलोमीटर. दोन-अडीच तासांचं काम, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाट मुळांवरून, ओल्या खडकांवरून जाते. कुठे हात टेकवून उतरायचं, कुठे बसून घसरायचं. सहज चार-पाच तास जातात. हा टप्पा दुसऱ्या कशाला जोडू नये.

पाठीवर फक्त पाणी, खाणं आणि रेनकोट ठेवावा. मोठी बॅग एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर गाडीने पोचवणाऱ्या कंपन्या या वाटेवर आहेत. पण बॅग ठरलेल्या पत्त्यावरच जाते, म्हणजे वाटेत मनात आलं म्हणून मुक्काम बदलता येत नाही. थकवा आला तर काय, याचं उत्तर निघण्यापूर्वीच हवं. क्रिअनलॅरिख, टाइनड्रम आणि ब्रिज ऑफ ऑर्की इथून रेल्वे मिळते, तेव्हा एखादा टप्पा गाळायचाच झाला तर तो इथला गाळावा.

मे महिना आपल्याकडच्या सुट्टीला सोयीचा आणि तिकडेही बरा: उजेड रात्री नऊपर्यंत असतो आणि ‘मिज’ नावाच्या चावऱ्या चिलटांचा सुळसुळाट अजून पुरता सुरू झालेला नसतो. मात्र तेव्हाच तिथे गर्दीही असते. मेमध्ये जायचं तर खोल्यांची चौकशी आदल्या हिवाळ्यातच करावी.