एकशे आठ घड्याळांचा तक्ता

मॉर्फॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस, म्हणजेच रूपविश्लेषण, या पद्धतीत वस्तूचे मूळ गुण सुटे करतात, प्रत्येक गुणापुढे त्याचे शक्य ते पर्याय मांडतात आणि मग दर ओळीतून एकेक पर्याय उचलून नवी वस्तू जुळवतात. ही पद्धत घडवली स्विस खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कॅलिफोर्नियातील एरोजेट कंपनीत संशोधनप्रमुख होते आणि जेट इंजिनांच्या विचारासाठी त्यांनी ती वापरली. इंजिनाचे ११ गुण आणि प्रत्येकाचे दोन ते चार पर्याय, एवढ्या त्यांच्या एका मांडणीतून ३६,८६४ जुळण्या निघतात.

गजराच्या घड्याळाचा तक्ता त्या मानाने आटोपशीर होतो. इशारा: आवाज, उजेड किंवा कंपन. जागा: टेबल, भिंत, मनगट किंवा उशी. ऊर्जा: चावी, सेल किंवा घरातली वीज. बंद करण्याची रीत: बटण दाबून, अंथरुणातून उठून किंवा काही वेळाने आपोआप. तीन, चार, तीन आणि तीन यांचा गुणाकार १०८. टेबल, आवाज, चावी, बटण ही ओळखीची जुळणी त्यातलीच एक.

उरलेल्या १०७ जुळण्या एकेक करून तपासायची गरज नसते. दोन-दोन पर्यायांच्या जोड्याच तपासायच्या. त्या इथे ६३ भरतात. भिंतीवरच्या घड्याळाचे कंपन झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. ही एक जोडी खोडली की तिच्यासोबत नऊ जुळण्या जातात. मनगटावरचे घड्याळ रात्रभर भिंतीतल्या प्लगला जोडून ठेवणे कोणी मान्य करणार नाही; आणखी नऊ गेल्या. ९० उरल्या. तक्ता मोठा असेल तेव्हा या चाळणीचा खरा फायदा होतो, कारण जुळण्या गुणाकाराने फुगतात, जोड्यांची संख्या मात्र तेवढी वाढत नाही. स्वीडनच्या संरक्षण संशोधन संस्थेत टॉम रिची यांनी संगणकाच्या मदतीने ही छाननी विकसित केली.

उरलेल्यांत उशी, कंपन आणि सेल यांची जुळणी सापडते. ऐकू न येणाऱ्यांसाठी उशीखाली ठेवायचे थरथरणारे गजर बाजारात आहेतच. त्याला ‘उठून’ हा पर्याय जोडला, तर डोक्याचे वजन उशीवरून हटल्यावरच थांबणारा गजर तयार होतो. शेजारी झोपलेल्याची झोपमोड त्यात फारशी होत नाही.

तक्ता बिघडतो तो बहुधा गुण निवडतानाच. ‘जागा’ आणि ‘आकारमान’ असे दोन गुण घेतले, तर मनगट म्हणताच आकारमान जवळपास ठरून जाते आणि अर्धा तक्ता निरर्थक होतो. एका गुणाचा पर्याय बदलल्यावर दुसऱ्याचा आपोआप बदलत असेल, तर ते दोन वेगळे गुण नव्हेत. दुसरी चूक चाळणीतली: महाग किंवा विचित्र वाटणारी जोडी अशक्य समजून खोडली जाते आणि नेमकी नवी कल्पनाच निसटते. चावीच्या घड्याळातून उजेड पाडणे अवघड आहे, पण हाताने फिरवायचे जनित्र त्यात बसवता येतेच.

तक्त्यात जो पर्याय लिहिलाच नाही, तो कोणत्याही जुळणीत येत नाही. वास किंवा थंड हवा हे इशारे इथे सुटले आहेत. शिवाय ९० पैकी कोणते घड्याळ विकले जाईल, हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी नमुना बनवून माणसांना त्यावर झोपवावे लागते.