'रागाने ओरडली' का खोडायचं?

कथेचा पहिला खर्डा झाला की संवाद तपासायची एक साधी रीत आहे. 'सुधीर म्हणाला', 'आई म्हणाली' हे सगळं बोटाने झाकायचं आणि फक्त बोललेलं वाचायचं. कोण बोलतंय हे कळेनासं झालं, तर दुरुस्ती नेमकी कुठे हवी ते सापडलं.

उदाहरणासाठी रचलेला हा प्रसंग पाहा. कर्ज थकलंय, जमीन विकायची की नाही यावर घरात बोलणं चाललंय.

"आपल्याला ही जमीन विकावीच लागेल, कारण बँकेचं कर्ज फेडायला दुसरा मार्ग उरलेला नाही," सुधीर गंभीरपणे समजावत म्हणाला.

"पण ही जमीन तुझ्या वडिलांनी कष्टाने मिळवली होती, त्यामुळे ती विकणं मला मान्य नाही," आई रागाने ओरडली.

"तुम्ही भांडू नका, आपण शांतपणे निर्णय घेऊ," काका समजुतीच्या स्वरात म्हणाले.

नावं झाकली तर तिघं एकाच शाळेत निबंध लिहायला शिकल्यासारखे बोलतात. 'कारण', 'त्यामुळे' जोडलेली पूर्ण वाक्यं आणि कर्जाची, वडिलांची माहिती. पण ही माहिती तिघांनाही आधीच ठाऊक आहे. ती एकमेकांसाठी नाही, वाचकासाठी बोलली जाते आहे. शब्दांत राग उतरला नाही म्हणून लेखकाला 'रागाने' लिहावं लागलं. नुसतं ते क्रियाविशेषण खोडलं तर वाक्य आणखी फिकं पडेल. म्हणून आधी बोलणं बदलायचं, शेपटी नंतर.

त्यासाठी प्रत्येक पात्राची वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावीत आणि सलग मोठ्याने वाचावीत. मग त्या माणसाला दोन गोष्टी विचाराव्यात: तुला आत्ता काय हवंय, आणि तू कोणता विषय टाळतो आहेस? सुधीरला तारखेची घाई आहे. आईला हा विषयच नको आहे. काकांना दोघांनाही दुखवायचं नाही. एवढं ठरलं की प्रसंग असा होतो:

"तीन तारीख शेवटची. बँकेतून परत फोन आला होता." सुधीरने मोबाइल उपडा ठेवला.

"तू जेवलास का?"

"आई, मी काय सांगतोय?"

"विहिरीला पाणी लागलं तेव्हा तू पोटात होतास. ह्यांनी तीन दिवस रान सोडलं नव्हतं."

काकांनी अडकित्ता मिटला. "वहिनी, पोर म्हणतंय ते... म्हणजे माझं काही म्हणणं नाही. पण बघा."

'म्हणाला' एकदाही आलं नाही, तरी गोंधळ होत नाही. 'ह्यांनी' हा शब्द नवऱ्याचं नाव न घेणारी बाईच उच्चारेल. 'वहिनी' आणि 'बघा' यांतून दिराचं नातं आणि आदर दोन्ही कळतात. वडिलांचे कष्ट आता विहिरीतून दिसतात, आणि आईचा विरोध जेवणाच्या प्रश्नात आहे.

मराठीत लेखकाला आणखी एक आयती मदत मिळते. 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत क्रियापदच बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं. मात्र 'मी सांगितलं' म्हटलं की ही खूण नाहीशी होते, तिथे दुसरा आधार लागतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे वेगळेपणासाठी प्रत्येकाला एक पालुपद चिकटवणं. 'काय समजलास' हे दर वाक्यात आलं की माणूस मागे पडतो आणि पालुपदच उरतं. बोलीचंही तसंच. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (१९६०) वऱ्हाडी बोली त्या माणसांच्या जगण्यातून आलेली आहे. ऐकीव चार शब्द पेरून ते साधत नाही. जी बोली कानात नाही, तिच्याऐवजी वाक्याची लांबी आणि संबोधनं बदलणं बरं.

दुसरी चूक म्हणजे 'म्हणाला'ला इतकं घाबरायचं, की प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी चहाचा घोट घेतं नाहीतर चष्मा पुसतं. अमेरिकन कादंबरीकार एलमोर लिओनार्ड यांनी २००१मध्ये मांडलेल्या लेखननियमांत, संवादासाठी 'म्हणाला'खेरीज दुसरं क्रियापद वापरू नये आणि त्याला क्रियाविशेषण जोडू नये, असं सांगितलं होतं. साधं 'म्हणाला' वाचकाच्या डोळ्यांत खुपत नाही. 'गरजला', 'उद्गारला', 'पुटपुटला' मात्र थांबवतात. नियम म्हणून हे फार कडक आहे. एखादी गोष्ट खरोखरच कुजबुजून सांगितली असेल, तर 'कुजबुजला' लिहायलाच हवं, कारण ते शब्दांतून कळत नाही.

दुरुस्त केलेल्या प्रसंगातही पुढे एक 'म्हणाली' ठेवावं लागतं. काकांच्या बोलण्यानंतर बराच वेळ कुणी बोलत नाही. मग वाक्य येतं:

"विहिरीचा तुकडा सोडून विका," आई म्हणाली.

नाव नसतं तर ही तडजोड काकांनी सुचवली असं वाटलं असतं. पहिल्या खर्ड्यात इथे 'अखेर हार मानून जड आवाजात' असंही लिहिलेलं असू शकतं. तेवढं खोडायचं, 'आई म्हणाली' राहू द्यायचं.