टवका उडालेली फुलदाणी: आकार उजवीकडून, रंग डावीकडून

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना सांगितलेले आकडे आणि मेनूची नावं इथे नीट लिहिली आहेत, म्हणजे समोर फोटो उघडून करून बघता येईल.)

आजचा भाग आत्याच्या फुलदाणीमुळे झालाय. चिनीमातीची, पांढरी, काठाला निळा पट्टा आणि खाली निळी वेल असलेली. तिच्या डाव्या काठाचा बोटभर टवका खूप वर्षांपूर्वी उडालाय. आत्याला घरातल्या जुन्या वस्तूंच्या फोटोंचा अल्बम छापून घ्यायचा होता. ती म्हणाली, "अगं, तू कॉम्प्युटरवाली ना, एवढा काठ भरून दे की."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. उजवा काठ शाबूत आहे, तो उचलायचा, उलटा करायचा, डावीकडे चिकटवायचा. केलंही तसंच. आणि निकाल असा दिसला की काठावर कुणीतरी स्टिकर लावलाय. नेमकं काय चुकलं आणि मग ते कसं सुटलं, तेच आज सांगते. मी गिम्प वापरते, पण दुसऱ्या कुठल्याही लेयरवाल्या सॉफ्टवेअरमध्ये विचार हाच राहतो.

आधी आस शोधायची

फुलदाणी चाकावर घडते, म्हणून ती मधल्या एका रेषेभोवती सगळीकडून सारखी असते. ही रेषा म्हणजे आस. ती सापडली की डावीकडच्या प्रत्येक बिंदूचा जोडीदार उजवीकडे कुठे आहे ते कळतं. पण आस डोळ्यांनी ठरवू नका, मोजा.

माझा फोटो 3000 बाय 4000 पिक्सेलचा. टवक्याच्या जरा खाली, जिथे मान दोन्ही बाजूंनी शाबूत आहे, तिथे डावी कड 1180 वर आणि उजवी 1812 वर आली. दोन्हींचा मध्य 1496. मग बुडाशी मोजलं: 1120 आणि 1928, मध्य 1524. म्हणजे वरून खाली येताना मध्य 28 पिक्सेल उजवीकडे सरकलाय. फुलदाणी सरळच होती, माझा हात वाकडा होता! मान आणि बूड यांत उभं अंतर 2800 पिक्सेल. 2800 मागे 28 म्हणजे साधारण 0.57 अंश.

मग Rotate साधन घेतलं (`Shift+R`), `Clipping` ला `Clip` ठेवलं आणि `Angle` मध्ये 0.57 टाकलं. आस उभी झाली. पुन्हा मोजलं तर मान, पोट आणि बूड तिन्ही ठिकाणी मध्य 1510. असे तीन आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. फक्त मानेजवळचाच आकडा धरला असता तर नवा काठ खालच्या मानेशी तिरका जुळला असता, आणि चूक कुठे आहे ते शोधत बसावं लागलं असतं.

इथे एक बारीक गोष्ट. फिरवताना चित्र किंचित मऊ होतं, कारण पिक्सेल नव्या जागी बसवताना शेजाऱ्यांत मिसळले जातात. म्हणून पूर्ण फोटो एकदाच फिरवा. फक्त तुकडा फिरवला तर तो तुकडाच बाकीच्यापेक्षा धूसर दिसतो.

मग आकार आणायचा

तुकडा कापण्यापेक्षा अख्खा लेयरच उलटा करणं सोपं. `Layer → Duplicate Layer`, मग `Layer → Transform → Flip Horizontally`. हे उलटणं लेयरच्या मध्यावरून होतं, म्हणजे 1500 वरून. आपली आस 1510 वर आहे. आस `a` असेल तर जोडीदाराचं गणित असं:

```
x' = 2a - x
```

आपल्याला हवं 3020 वजा x, पण मिळालं 3000 वजा x. फरक 20. म्हणून उलटा लेयर 20 पिक्सेल उजवीकडे सरकवायचा. फरक आसेच्या अंतराच्या दुप्पट येतो, हे विसरून मी पहिल्यांदा 10 च सरकवला होता.

बरोबर बसलंय की नाही हे कसं कळेल? उलट्या लेयरचा मोड `Difference` करा. दोन्ही लेयर जिथे सारखे, तिथे काळं दिसतं. प्रकाशाचा फरक करडा दिसेल, त्याकडे सध्या दुर्लक्ष करा. बघायची ती फक्त बाह्य कड. कडेने उजळ बारीक रेघ दिसली तर एखाद पिक्सेल सरकवा. माझ्या फोटोत टवक्याची जागा सोडून बाकी कड जुळली.

मोड परत `Normal` करून लेयरला काळा मास्क दिला: `Layer → Mask → Add Layer Mask`, त्यात `Black`. उलटा लेयर पूर्ण लपला. आता पांढऱ्या ब्रशने मास्कवर फक्त टवक्याच्या जागेत रंगवलं, आणि उजवा काठ डावीकडे उगवला. माझ्या फोटोत उजवीकडचा 1730 ते 1890 हा पट्टा डावीकडे 1130 ते 1290 वर आला.

स्टिकर का दिसला

इथपर्यंत सगळं बरोबर होतं, तरी बघितल्याबरोबर खटकत होतं. कारण साधं आहे. फुलदाणी दोन्ही बाजूंना सारखी असते, खिडकी मात्र एकाच बाजूला असते.

माझ्या फोटोत खिडकी उजवीकडे. उलट्या तुकड्याची सरासरी उजळी, 0 ते 255 च्या मापात, 168 होती आणि शेजारच्या शाबूत डाव्या काठाची 112. मी `Colors → Curves` ने 168 ला 112 वर ओढलं. सरासरी जुळली. तरी स्टिकर तो स्टिकरच!

मग दोन गोष्टी लक्षात आल्या. डाव्या बाजूला फुलदाणी बाहेरच्या कडेकडे जाताना गडद होत जाते, कारण ती प्रकाशापासून दूर वळते. उलटा तुकडा बाहेरच्या कडेकडे उजळ होत जात होता. म्हणजे रक्कम जुळली होती, उतार उलटा होता. आणि खिडकीची चकाकी, काचेसारख्या लुकणावरचा तो पांढरा ठिपका, तोही तुकड्याबरोबर डावीकडे आला होता. एका खिडकीच्या खोलीत दोन खिडक्या झाल्या. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळा लगेच अडखळतो.

म्हणून उलट्या तुकड्याकडून फक्त आकार घ्यायचा, रंग घ्यायचाच नाही. तुकडा साचा म्हणून वापरायचा. Free Select ने त्याच्या कडेबरोबर निवड केली, कडा दोन पिक्सेल मऊ ठेवल्या. वर एक नवा रिकामा लेयर घेतला आणि Clone साधनाने, `Sample merged` चालू ठेवून, टवक्याच्या अगदी लगतच्या डाव्या काठावरून रंग उचलून निवडीत भरला. बाहेरच्या भागासाठी बाहेरच्या कडेजवळून, आतल्या भागासाठी आतून. उतार आपोआप बरोबर दिशेने आला. निळा पट्टाही तिथूनच पुढे ओढला.

Heal साधन इथे का नको? ते आजूबाजूचा रंग बघून जुळवून घेतं. सपाट भागावरच्या डागाला उत्तम. पण काठावर आजूबाजूला भिंतही असते, मग भिंतीचा रंग काठात झिरपतो.

शेवटी वेल. टवक्याचं खालचं टोक एका पानापर्यंत गेलं होतं. उलट्या बाजूचं पान उलट दिशेला वळलेलं, आणि हाताने रंगवलेली दोन पानं मुळात सारखी नसतात. तिथे मी डावीकडचंच पुढचं पान, न उलटवता, आणून बसवलं. काठावर अक्षरं किंवा शिक्का असेल तर तिथे आरसा चालतच नाही, हे वेगळं सांगायला नको.

खेळण्याचं काय?

एका श्रोत्याने लाकडी घोड्याचा तुटलेला कान विचारला होता. इथे फुलदाणीचा नियम पूर्ण लागू होत नाही. फुलदाणी कुठूनही बघा, ती आसेभोवती सारखीच दिसते. फक्त ती फोटोच्या मध्याजवळ हवी, कारण मोबाइलची रुंद लेन्स कडेच्या वस्तू ताणते. घोडा मात्र अगदी समोरून काढलेला असेल तरच डावा-उजवा सारखा दिसतो. तिरक्या फोटोत जवळचा कान मोठा आणि लांबचा छोटा असतो, शिवाय एकाची पाठ दिसते तर दुसऱ्याचं पोट. तो कान उलटवून बसत नाही. तिथे खेळणं हलकेच वळवून, समोरून, त्याच उजेडात दुसरा फोटो काढणं जास्त सोपं.

पण लाकडी मोटारीचं चाक तुटलं असेल तर त्याच बाजूचं दुसरं चाक उचला आणि उलटवू नका. उलटवलं नाही की प्रकाशही बरोबर बाजूलाच राहतो. आकार थोडा लहानमोठा करावा लागेल, एवढंच.

तपासणी

काम झाल्यावर पूर्ण फोटो आडवा उलटवून बघा. नजर सरावलेली असते, ती अशाने ताजी होते. मला तेव्हा दिसलं की उजव्या मानेवरचा एक तपकिरी डाग डावीकडे बरोबर जोडीदाराच्या जागी बसलाय. आकाराच्या लेयरचा मास्क जरा बाहेर गेला होता. काळ्या ब्रशने पुसला. मग फोटो परत सुलट केला.

आत्याला फोटो आवडला. लगेच म्हणाली, "ही फुलदाणी विकायचं चाललंय माझं. हाच टाकते त्या साइटवर!" मी नको म्हटलं. अल्बमात हा काठ म्हणजे आठवण, विकताना तोच काठ म्हणजे खोटं. घेणाऱ्याच्या हातात टवका येणारच आहे. मग तिला मूळ फोटो दिला, आणि टवक्याचा जवळून एक वेगळा काढून दिला. म्हणून मूळ फाइलवर कधीच सेव्ह करू नका. काम `.xcf` मध्ये ठेवा आणि भरलेल्या फोटोच्या नावातच तसं लिहा. माझ्या फाइलचं नाव `fuldani_kath_bharlela.jpg` आहे.

तुमच्याकडे असा एखादा फोटो असेल तर आधी फक्त तीन ठिकाणी मध्य मोजून बघा. तिन्ही आकडे जुळतात की नाही, ते कळवा. भेटू पुढच्या भागात.